शब्दचर्चा: ‘लेव्हरेज’ला काय म्हणावे?

भाषांतरकार: व्यायामावरच्या एका लेखात, मांडीचे हाड लांब असलेल्यांना स्क्वॉटमध्ये ‘लेव्हरेज’ प्रतिकूल असते, असे वाक्य आहे. मी ‘तरफेचा फायदा मिळत नाही’ असे लिहिले, तर संपादकांना ‘यांत्रिक लाभ’ हवा आहे. कोणते योग्य?

शुद्धमती: यांत्रिक लाभ ही रूढ संज्ञा आहे. शिवाय ‘बैठक’ असताना ‘स्क्वॉट’ कशाला?

तालीमकर: बैठक वेगळी आहे. तालमीत बैठका मारताना टाचा उचलल्या जातात, गुडघे पुढे सरकतात आणि धड बरेचसे सरळ राहते. स्क्वॉटमध्ये खांद्यावर वजनाचा बार असताना टाचा टेकवाव्या लागतात.

मापाडी: लेखकाला यांत्रिक लाभ अभिप्रेत नसावा. बार पावलाच्या मध्यावर राहिला नाही तर तोल जातो. बारमधून पावलाच्या मध्यावर येणाऱ्या उभ्या रेषेपासून खुबा किती मागे जातो, ते अंतर इथे महत्त्वाचे आहे. मांडी जमिनीला समांतर असताना गुडघा रेषेच्या १५ सेंमी पुढे असेल, तर ४० सेंमी मांडीचा खुबा २५ सेंमी मागे जातो आणि ४५ सेंमी मांडीचा ३० सेंमी. बार तोच असला तरी खुब्यावरचा ताण पाचव्या हिश्श्याने वाढतो, आणि तोल राखायला धडही अधिक वाकवावे लागते. या अंतराला मी ‘भारभुजा’ म्हणेन.

उंचाडा: माझी उंची ६ फूट २ इंच आहे, म्हणूनच मी पुढे झुकतो तर! गुडघा बोटांच्या पुढे न्यायचा नाही, हा नियम मात्र मी काटेकोरपणे पाळतो.

मापाडी: उंचीने नव्हे, धडाच्या मानाने मांडी किती लांब आहे त्याने फरक पडतो. तो नियम तर तुम्हाला आणखी झुकवतो, कारण गुडघा अडवला की खुबा तेवढाच मागे जातो. उंच टाचेच्या बुटांनी गुडघा ५ सेंमी पुढे गेला, तर ४५ सेंमीच्या मांडीचाही खुबा २५ सेंमीवर येतो. अर्थात तो ताण नाहीसा होत नाही; त्यातला काही गुडघ्याकडे जातो. पावले रुंद ठेवून चवडे बाहेर वळवले, तरी मांडीची पुढे-मागे जाणारी लांबी कमी होते.

तालीमकर: म्हणजे बैठकीतली उचललेली टाच अगदीच अडाणी नव्हती.

लांबहात्या: स्क्वॉटमध्ये माझेही हाल होतात, पण जमिनीवरून बार उचलायच्या डेडलिफ्टमध्ये मी आजानुबाहू! अमेरिकी पॉवरलिफ्टर लामार गँट यांनी १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट केली, त्यात लांब हातांचा मोठा वाटा होता.

शुद्धमती: आजानुबाहू हे थोरांचे विशेषण आहे, जिमखान्यातले नव्हे.

मापाडी: गँट यांच्या पाठीच्या कण्याला बाक होता, त्यामुळे धडही आखूड होते. हात लांब असले की बार पकडताना फार वाकावे लागत नाही, खुबा बारजवळ राहतो आणि भारभुजा आखूड होते.

शुद्धमती: म्हणजे ‘लांब भुजांमुळे भुजा आखूड होते’ असे छापायचे? वाचक काय समजतील?

भाषांतरकार: मग ‘हात’ लिहीन, पण वाक्यातल्या ‘लेव्हरेज’चे काय?

उंचाडा: आधी त्या बुटांची टाच किती असावी, ते सांगा.