मदत हवी आहे: हा पी कोट नाही का?

निशिगंध_लीड्स
जुना कोट ऑनलाइन बघितलाय, नवऱ्यासाठी. विकणारी बाई म्हणते पी कोट, खलाशी घालतात तो. मला तसा वाटत नाही. नेव्ही ब्लू, लोकरीचा, दोन रांगा बटणं. उद्यापर्यंत पैसे भरायचेत, लवकर सांगा.

दर्यावर्दी
दोन रांगा बटणं, नेव्ही ब्लू, म्हणजे पी कोटच. मी जहाजावर वीस वर्षं वापरलाय, वारा आत शिरत नाही. डोळे मिटून घ्या.

शिवणघर
दर्यावर्दी, दोन रांगा ट्रेंच कोटालाही असतात. निशिगंध, लांबी किती? खिसे आडवे की उभे? कॉलर कशी?

पाऊसवेडा
ट्रेंच घ्या! पहिल्या महायुद्धात खंदकातल्या अधिकाऱ्यांनी वापरला म्हणून ते नाव. कमरेला पट्टा, खांद्यावर पट्ट्या. पावसाला तोच बरा.

निशिगंध_लीड्स
पट्टा नाही हो, आणि कापड जाड लोकरीचं आहे. कॉलरपासून खालपर्यंत १०४ सेमी. नवरा १७८ सेमी. खिसे आडवे, वर झाकण. छातीवरही एक खिसा. कॉलर मखमली. सुटावर घालायचाय, हे सांगायचं राहिलं.

शिवणघर
मग पी कोट नव्हे. तो कमरेखाली जेमतेम नितंबापर्यंत येतो, सुटाचं जाकीट खालून बाहेर डोकावतं. त्याचे खिसे उभे असतात, गार हात सरळ आत जावेत म्हणून. कॉलर रुंद, उभी करून हनुवटीपर्यंत बंद होते. तुमचा गुडघ्यापर्यंत येणार, खिसे आडवे, कॉलर मखमली. ही चेस्टरफिल्डची, म्हणजे सुटावर घालायच्या लांब कोटाची लक्षणं. पाठीचा फोटो बघा: कमरेवर आडवी शिवण आहे का? चेस्टरफिल्डला ती नसते.

दर्यावर्दी
खिशांचं बरोबर आहे तुमचं. पण नौदलातल्या अधिकाऱ्यांचा लांब कोटही दोन रांगांचा असतो.

शिवणघर
असतो, ब्रिज कोट. पण त्याला पितळी बटणं, मखमल नाही.

मुक्ता_पुणे
मुलाच्या ट्रिपसाठी टोपीवाला कोट घेतला, लाकडी खुंट्या दोरीच्या फाशात अडकवायच्या. हातमोजे घालूनही लागतात. हा घ्या ना.

शिवणघर
मुक्ता, तो डफल. बेल्जियममधल्या डफेल गावच्या कापडावरून नाव पडलं. सैलसर असतो, सुटावर टोपी ढगळ दिसेल.

निशिगंध_लीड्स
पाठीला आडवी शिवण नाही, मधोमध खालून चीर आहे. बटणं काळी.

शिवणघर
मग चेस्टरफिल्डच मानते.

चोखंदळ
माझ्या मते चेस्टरफिल्ड म्हणजे एकच रांग आणि बटणं पट्टीखाली लपलेली. हा नुसता ओव्हरकोट.

शिवणघर
लपलेली बटणं एका रांगेच्या प्रकारात. दोन रांगांचाही चेस्टरफिल्ड असतो.

निशिगंध_लीड्स
नाव काहीही असो, जाकीट झाकलं जाईल ना? आता तिला खांद्यांचं माप विचारते.