मुदत संपलेली गोळी, पण बिलावर बॅच नंबर दुसराच. तक्रार कशी लिहू?

मंडळी, मदत हवी आहे. चाळीसगावच्या एका मेडिकलमधून ११ जून २०२५ ला आईसाठी टेल्मिसार्टन ४० ची पट्टी घेतली. पट्टीवर बॅच टीएम४०७१, मुदत एप्रिल २०२५, म्हणजे ३० एप्रिलनंतर ती विकायलाच नको होती. आईने दोन गोळ्या घेतल्यावर हे दिसलं. डॉक्टरांना दाखवलंय, बीपी ठीक आहे.

अडचण बिलाची आहे. बिल पक्कं आहे, पण त्यावर बॅच टीएम४११८ आणि मुदत २०२६ ची. दुकानदार म्हणतो, "ही पट्टी आमची नाहीच," तरी बदलून द्यायला मात्र तयार आहे! मला वाटतं, संगणकात नवी बॅच टाकून कपाटातला जुना माल दिला गेला. तिथून कितीतरी म्हातारी माणसं रोजची औषधं नेतात, म्हणून मला बदली पट्टी नको. पैसे परत आणि लेखी खुलासा हवा.

उरलेल्या गोळ्यांसह पट्टी, मूळ बिल, फोटो जपून ठेवलेत. दुकानाला देणार ती फक्त झेरॉक्स.

अर्जात दोन्ही बॅच नंबर लिहावेत का? आणि टीएम४०७१ त्यांच्याकडे आली होती का, हे अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक दुकानाच्या खरेदी बिलांवरून तपासतात का?