टॉवर समोर, तरी सिग्नल का नाचतो?

> लक्ष्मी रोडवर टॉवर समोर दिसतो, तरी चालता चालता सिग्नल सारखा वरखाली का होतो?

कारण लहर एकाच वाटेने येत नाही. एक थेट येते, एक दुकानाच्या काचेवरून, एक बसच्या पत्र्यावरून. वाटांची लांबी वेगळी, म्हणून कुठे शिखरावर शिखर बसतं, तर कुठे शिखरावर दरी येऊन दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. १८०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण १७ सेंटीमीटर. समोरासमोरून येणाऱ्या लहरींत असे खड्डे अर्ध्या तरंगलांबीवर, आठेक सेंटीमीटरवर पडतात. सेकंदाला सव्वा मीटर चाललात तर १५ खड्डे! खोल खड्ड्यात शक्ती शंभरपटही घसरते. स्क्रीनवरच्या दांड्या मात्र सरासरी दाखवतात, त्यांना यातलं फारसं कळत नाही. आणि तुम्ही थांबलात तरी बस सरकली की नक्षी बदललीच.