शब्दचर्चा: ‘अपेक्षित’ म्हणजे नेमकं काय? आणि B1 ला काय म्हणायचं?

मंडळाचा खजिनदार: गणेशोत्सवाचं अंदाजपत्रक शीटवर मांडलंय. प्रत्येक ओळीला C, D, E मध्ये तीन आकडे. B1 मध्ये 1, 2 किंवा 3 लिहिलं की B मधला सगळा हिशेब बदलतो:

```
=CHOOSE($B$1,C4,D4,E4)
```

मथळे दिले ‘उत्तम, अपेक्षित, वाईट’. कार्यकर्त्यांनी ‘अपेक्षित’खाली जाहिरातींचे दोन लाख लिहिले. म्हणे, आमची अपेक्षा तेवढी आहेच! दुसरा शब्द सुचवा. B1 लाही नाव हवंय.

सरळमार्गी: सोपं आहे. अपेक्षित म्हणजे मधला आकडा, दोन्ही टोकांची सरासरी.

जुनी वही: मधला खरा, पण सरासरी नव्हे. समजा, जाहिराती चांगल्या मिळाल्या तर 1,50,000, वाईट वेळ आली तर 40,000. सरासरी 95,000. पण ठरलेले जाहिरातदार टिकले तर 1,20,000 येणार असतील, तर तोच आकडा लिहायचा. मी मथळा देईन ‘धरून चाललेला’. आपण ‘एवढे जमेस धरा’ म्हणतोच की.

द्राक्षबागवाला: आमच्याकडे सोळा आणे, बारा आणे, आठ आणे पीक म्हणतात. तेच घ्या, गावात कुणालाही कळेल.

जुनी वही: झकास, पण जमेच्या बाजूलाच. वाईट वेळी वर्गणी घटते आणि मंडपाचा खर्च चढतो. ‘आठ आणे’ वाचून खर्चातही कुणी लहान आकडा टाकला की फसलात. वर्गणी 1,80,000 आणि जाहिराती 40,000 म्हणजे जमा 2,20,000. खर्च 3,00,000 धरला तर तूट 80,000. तिथे चांगल्या वेळेचे 2,50,000 चुकून बसले तर तूट 30,000 च दिसेल आणि मंडळ निर्धास्त राहील.

खजिनदार: अरे देवा, आमच्या रोषणाईच्या ओळीत नेमकं हेच झालंय!

सोलापूरकर: B1 ला ‘कळीचा रकाना’ म्हणा.

जुनी वही: रकाना म्हणजे अख्खा उभा कॉलम हो. हे एकच घर आहे. ‘खटका’ म्हणा, दिव्याच्या बटणासारखा.

सोलापूरकर: खटका आमच्याकडे भांडणाला म्हणतात. खटका उडतो! ‘कळ’ बरी.

खजिनदार: कळ तर पोटातही येते. असो. दुसरी अडचण अशी की कळ फिरवली की एकच चित्र दिसतं, सभेत तिन्ही शेजारी हवीत.

जुनी वही: मग C, D, E च्या तळाशी स्वतंत्र शिल्लक काढा. कळ 1, 2, 3 अशी फिरवून B ची शिल्लक त्यांच्याशी ताडून पाहा. फरक आला तर प्रत्येक ओळ बघा. तीन आकडे वेगळे असूनही जिथे B चा आकडा हलत नाही, तिथे कुणीतरी सूत्र पुसून हाताने रक्कम टाकलीय.

सरळमार्गी: तरी ‘धरून चाललेला’ मथळ्यासाठी लांबच आहे. ‘संभाव्य’ का नको?

द्राक्षबागवाला: संभाव्य तर तिन्ही आहेत. बारा आणेच ठेवा.