खजिनदाराने टँकरचे पैसे खाल्ले असं ग्रुपवर लिहिलं, आता पाच लाखांची नोटीस आलीय

जुळे सोलापूर ४८ फ्लॅट:
आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही. मे महिन्यात खजिनदारांनी ३८ टँकरचं बिल लावलं, टँकरला ९०० रुपये. वॉचमनच्या वहीत नोंद २६ चीच आहे. मी वहीच्या पानांचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'खजिनदाराने १२ टँकरचे पैसे खाल्ले.' आता वकिलाची नोटीस आलीय. पंधरा दिवसांत माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा पाच लाखांचा दावा. मी खरं तेच लिहिलंय. माफी का मागू?

विजापूर रोड:
अजिबात मागू नका. खरं बोललं की अब्रुनुकसानी होतच नाही, एवढं साधं आहे. अशा नोटिसा माणसाचं तोंड बंद करायलाच पाठवतात. शिवाय ग्रुपवरचा मेसेज म्हणजे काही पेपरात छापून आलेलं नाही, तोंडी बोलल्यासारखंच ते. तोंडी बदनामीत प्रत्यक्ष किती नुकसान झालं हे दाखवल्याशिवाय दावा उभा राहत नाही.

काळा कोट:
सोलापूर जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला २६ वर्षं काम करतोय, म्हणून लिहितो. विजापूर रोड यांचं अर्धं बरोबर आहे. भरपाईच्या दाव्यात सत्य हा पुरता बचाव आहे. पण सत्य आहे हे प्रतिवादीने सिद्ध करायचं असतं. खजिनदारांनी 'मी पैसे खाल्ले नाहीत' हे सिद्ध करायचं नाही, तुम्ही 'खाल्ले' हे सिद्ध करायचं. कोर्ट शब्द खोटे आहेत असंच धरून सुरुवात करतं.

आता तुमचं वाक्य बघा. त्यात दोन गोष्टी आहेत. १२ टँकरचा फरक, आणि ते पैसे खजिनदारांनी स्वतःच्या खिशात घातले. पहिलीला तुमच्याकडे वही आहे. दुसरीला काय आहे? बदनामी तर दुसरीनेच झालीय. वाक्यातला जो भाग माणसाला टोचतो, तोच सिद्ध करावा लागतो. बाजूचा तपशील थोडा चुकला तर कोर्ट सांभाळून घेतं. १८६५ सालच्या एका इंग्लिश खटल्यात रेल्वे कंपनीने फलक लावला होता की बिनतिकीट प्रवाशाला दंड झाला आणि तो न भरल्यास तीन आठवडे कैद. खरी शिक्षा चौदा दिवसांची होती. माणसाला शिक्षा झाली हे मूळ खरं होतं, म्हणून कंपनी सुटली. तुमचे १२ चे ११ निघाले तर मीही तेच म्हणेन. पण 'खाल्ले' याचा पुरावा नसेल तर हा दाखला कामाला येत नाही.

आणि मेसेज लेखीच आहे. तो राहतो, पुढे पाठवता येतो, चार महिन्यांनी काढून दाखवता येतो.

सूतवाला, अशोक चौक:
मालक, माझंबी ऐका. माझे यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. तीन वर्षांमागं एका सूत व्यापाऱ्यानं चार जणांत सांगितलं, याचं दिवाळं निघालंय, उधारीवर सूत देऊ नका. एक अक्षर लिहिलं नाही, सगळं तोंडी. दुसऱ्या आठवड्यापासून मला सूत रोखीनंच मिळायला लागलं. सहा माग बंद ठेवले. मी कुणाकडंच गेलो नाही, कारण सगळे हेच म्हणले, तोंडीला केस होत नाही. व्हत होती का?

काळा कोट:
होत होती. इंग्लंडात तोंडी बदनामीला नुकसान दाखवावं लागतं, पण धंद्याबद्दलच्या अशा शब्दांना तिथेही सूट आहे. आपल्याकडे तर लेखी आणि तोंडी हा फरक कोर्टांनी फारसा पाळलेला नाही. एका स्त्रीच्या चारित्र्यावर तोंडी शिंतोडे उडवल्याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९२० च्या दशकातच वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही असं धरलं. तुमचं तर नुकसान दिसतच होतं, सहा माग बंद. पण मुदत एकच वर्ष असते. तीन वर्षं झाली, आता काही करता येणार नाही. वाईट वाटतं सांगताना.

सोसायट्यांचं ऑडिट करणारी:
मी वर्षाला तीसेक गृहनिर्माण संस्थांचं लेखापरीक्षण करते. मला वकीलसाहेबांच्याही आधीचा प्रश्न पडलाय. फरक खरंच १२ चा आहे का? टँकर पाच हजार लिटरचे असतात तसे दहा हजारांचेही असतात. पुष्कळ पुरवठादार बिलात पाच हजाराचा एक टँकर धरतात, म्हणजे मोठी गाडी आली की बिलात दोन लागतात. वॉचमन गेटवर उभा असतो, तो गाड्या मोजतो, लिटर नाही. २६ गाड्यांपैकी १२ मोठ्या असतील, तर १४ अधिक २४, बरोबर ३८ होतात. मग तुमची वहीही खरी आणि त्यांचं बिलही खरं. तुम्ही बिलं बघितली आहेत की फक्त नोटीस बोर्डावरचा एकूण आकडा?

जुळे सोलापूर ४८ फ्लॅट:
फक्त एकूण आकडा. वहीत वेळ आणि गाडीचा नंबर आहे, लिटर नाहीत. उद्या पुरवठादाराला विचारतो.

विजापूर रोड:
म्हणजे सामान्य सभासदाने आधी लेखापरीक्षक व्हायचं आणि मग तोंड उघडायचं? पैसा सभासदांचा आहे. तो सभासदांच्याच ग्रुपवर विचारायचा नाही तर कुठे? मी वाचलंय की ज्यांचा समान संबंध आहे त्यांनी आपापसात बोललेलं चुकीचं निघालं तरी चालतं.

काळा कोट:
चालतं, पण दोन अटींवर. मनात आकस नको, आणि बोलणं ज्याचा संबंध आहे त्याच्यापर्यंतच जायला हवं. दुसऱ्या अटीवर माणसं अडकतात. १९३० च्या सुमारास इंग्लंडात एक खटला गाजला. एका तेल कंपनीच्या संचालकाला पत्र आलं की कॅसाब्लांकातला आपला वरिष्ठ अधिकारी दारू पितो, बायकांच्या नादी लागलाय. त्याने खातरजमा न करता पत्र कंपनीच्या अध्यक्षांना दाखवलं आणि त्या अधिकाऱ्याच्या बायकोलाही दाखवलं. आरोप निराधार होते. कोर्ट म्हणालं, अध्यक्षांना दाखवलं ते संरक्षित, कारण कंपनीच्या माणसाबद्दल त्यांना कळवणं हे कर्तव्यच. बायकोला दाखवलं ते नाही. पत्र तेच, वाचणारा बदलला आणि संरक्षण गेलं.

तेव्हा प्रश्नकर्त्याला विचारतो. तुमच्या ग्रुपमध्ये नेमके कोण कोण आहेत?

जुळे सोलापूर ४८ फ्लॅट:
आत्ता मोजले. ६४ जण. सभासद ४५. बाकी भाडेकरू, फ्लॅट विकून पुण्याला गेलेले दोघं, लिफ्टवाला, इलेक्ट्रिशियन आणि टँकरवाला स्वतः.

काळा कोट:
हेच भोवेल. हाच मजकूर सहीनिशी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार म्हणून दिला असता, किंवा कमिटीला पत्र लिहिलं असतं, तर मी निर्धास्त असतो. लिफ्टवाल्याला सोसायटीच्या हिशेबाशी काय कर्तव्य?

सोसायट्यांचं ऑडिट करणारी:
इथे माझं वकीलसाहेबांशी पटत नाही. भाडेकरूही पाण्याचे पैसे देतात, त्यांचा संबंध कसा नाही? आणि सर्वसाधारण सभेत एखादा पाहुणा मागे बसलेला असला म्हणून सभेतलं बोलणं उघडं पडत नाही. पंचेचाळीस सभासदांना गाठायचा नेहमीचा मार्ग तो ग्रुपच आहे, चारदोन परके त्यात आहेत म्हणून सगळं संरक्षण काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं.

काळा कोट:
भाडेकरूंचं मान्य, तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण एकोणिसातले किती जण सहज आलेले पाहुणे आणि किती कायमचे, हे न्यायाधीश बघतीलच. शिवाय सभेत खजिनदार समोर असतो, तिथल्या तिथे उत्तर देतो. मी अशिलाला या बचावावर एकट्याने उभं राहू देणार नाही.

बाळे:
आमच्याही सोसायटीचा ग्रुप आहे आणि मीच ॲडमिन आहे. कुणी असं लिहिलं तर मला आत टाकतील का?

काळा कोट:
दुसऱ्याच्या मेसेजसाठी नुसता ॲडमिन म्हणून नाही. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका फौजदारी प्रकरणात तसं स्पष्ट केलंय. धाग्याचा मूळ प्रश्न मात्र भरपाईच्या दाव्याचा आहे.

जुळे सोलापूर ४८ फ्लॅट:
पुरवठादाराकडे जाऊन आलो. ताईंचं खरं निघालं, पण पूर्ण नाही. मोठी गाडी एकच आहे, नंबर वहीत आहे, ती मेमध्ये ९ वेळा आली. म्हणजे १७ लहान आणि ९ मोठ्यांचे १८, एकूण ३५. बिल ३८ चं. तीन टँकरचा, म्हणजे २,७०० रुपयांचा फरक अजून राहतोच. मी १०,८०० रुपये म्हटले होते. रात्री झोप लागली नाही.

सोसायट्यांचं ऑडिट करणारी:
तीनचा फरक वॉचमन रजेवर असलेल्या दिवसांतही पडू शकतो. त्या महिन्यात बदली वॉचमन होता का ते बघा. आणि कमिटीकडे बिलांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा, आपलं दफ्तर बघायचा सभासदाला हक्क आहे.

विजापूर रोड:
तीन तर तीन, फरक आहेच ना? मग खजिनदाराने उत्तर द्यायला नको? इथे सगळा हिशेब विचारणाऱ्याचाच चाललाय. नोटीस येते तेव्हा १२ आणि ३ असा भेद कुणी करत नाही, पुढच्या वेळी ४८ घरांतलं एकही घर विचारणार नाही.

काळा कोट:
उत्तर द्यायलाच हवं, तुमचा राग मला समजतो. पण विचारायचे शब्द वेगळे असतात. 'वहीत २६ फेऱ्या आहेत, त्यातल्या ९ मोठ्या धरल्या तरी ३५ होतात, बिल ३८ चं आहे, हिशेब ठेवण्यात ढिलाई झाली असं माझं मत आहे.' यात आकडे खरे आहेत, विषय सगळ्यांच्या पैशाचा आहे, आणि मत हे मत म्हणूनच दिसतं. अशा टीकेला कायदा जागा देतो, मत कडक असलं तरी. 'पैसे खाल्ले' हे मत म्हणून वाचलं जात नाही, ती घटना म्हणून वाचली जाते.

नोटिशीला गप्प बसू नका. उत्तरात आकडा चुकल्याचं कबूल करा, १२ टँकरचं आणि 'खाल्ले' हे विधान मागे घेतो असं लिहा, आणि तेच ग्रुपवरही टाका, कारण वाचलं ते तिथे. तीन टँकरचा प्रश्न मात्र सोडू नका. भरपाई ठरवताना कोर्ट चूक वेळेत दुरुस्त केली का हे बघतं. मूळ मेसेज मागे घेण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट मात्र तारखेसकट ठेवा, पुढे तुम्हालाही लागेल.

सूतवाला, अशोक चौक:
खजिनदाराला जाऊन समोर भेटलात का मालक? मला तो व्यापारी एकदाबी समोर येऊन विचारला असता तर मी त्याला बँकेचं पासबुक दाखवलं असतं.

जुळे सोलापूर ४८ फ्लॅट:
नव्हतो भेटलो. आज संध्याकाळी गेलो, वहीची झेरॉक्स घेऊन. ते दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. काकूंनी पाणी दिलं. ते म्हणाले, २३ ते २५ मे वॉचमन गावी होता, बदलीचा मुलगा वही लिहीत नव्हता. वहीत ते तीन दिवस खरंच कोरे आहेत, माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. त्या तीन दिवसांची बिलं दाखवा म्हटलं तर म्हणाले, आता वकिलामार्फतच बोला.

ग्रुपवर विधान मागे घेतलं आहे. बिलांच्या प्रतींसाठी सेक्रेटरींकडे अर्ज दिला, पोच घेतली.