अनुभव धागा : थांबलेल्या गप्पा आणि त्यानंतरचा पहिला संदेश

उंबरठा (धागाकर्ता)

स्थळ सुचवले जाते, पत्रिका आणि फोटो इकडून तिकडे जातात, आणि मग दोन्हीकडची मंडळी 'आधी तुम्ही दोघे बोलून घ्या' असे म्हणून मोबाइल क्रमांक देतात. व्हॉट्सॲपवर दहा-पंधरा दिवस रोज बोलणे होते आणि एके दिवशी ते थांबते. भांडण झालेले नसते, नकारही आलेला नसतो. चार-सहा दिवस असेच गेले की पहिला संदेश काय पाठवावा हे कळेनासे होते. कारण त्यात गयावया नको आणि समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणेही नको. त्या एका संदेशाबद्दलचे अनुभव येथे लिहावेत. पाठवलेले शब्द आठवत असतील तर जसेच्या तसे द्यावेत, नाव-गाव अर्थातच गाळून.

सुरुवात माझ्या फसलेल्या प्रयत्नापासून करतो. पाचव्या दिवशी मी 'बिझी दिसतेस' असे लिहिले. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी नुसते प्रश्नचिन्ह पाठवले. तेवढ्यावर न थांबता रात्री 'काही चुकलं का माझं? असो.' असे लिहिले आणि दहा मिनिटांनी लाज वाटून ते सर्वांसाठी पुसून टाकले. संदेश पुसला तरी तो पुसल्याची ओळ मागे राहतेच, त्यामुळे तिच्या पडद्यावर माझे एक प्रश्नचिन्ह आणि त्याखाली काहीतरी लिहून मागे घेतल्याची खूण एवढेच दृश्य उरले. 'असो' या दोन अक्षरांत केवढा रुसवा मावतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

पायवाट

आमच्या गप्पा सहा दिवस थांबल्या होत्या. शेवटचा संदेश माझा होता, 'बाकी तुझं काय चाललंय?' असा, आणि तो तिने वाचलेला होता. आज मागे वळून पाहताना वाटते की दोष त्या प्रश्नातच होता. ज्याचा दिवस वाईट गेला आहे त्याला 'काय चाललंय' या प्रश्नाचे उत्तर द्यायला निबंध लिहावा लागतो, आणि निबंध लिहायला वेळ नसला की माणूस 'रात्री सावकाश लिहू' असे ठरवतो. ती रात्र मग येतच नाही.

मी चार मसुदे लिहिले. पहिला नुसता 'हाय' होता. तो टाकून दिला, कारण विषय शोधण्याचे काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडले असते. दुसऱ्यात 'बरेच दिवस झाले' हे शब्द होते, तिसऱ्यात 'वेळ मिळाला की बोल' असे होते. हे वाक्य वर वर समजूतदार दिसते, परंतु तिला वेळ नाही हे मी मोजतो आहे असाच त्याचा अर्थ निघतो. चौथ्या मसुद्यासाठी मी आमचे जुने बोलणे वर सरकवत गेलो आणि तिने दोन आठवड्यांपूर्वी आजीच्या कोथिंबीर वडीबद्दल लिहिलेला संदेश सापडला. तो बोटाने उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर म्हणून लिहिले :

'काल ही करून पाहिली. तू सांगितलंस तशी चिंच घातली, चव जमली. पण वाफवल्यावर कापायला घेतली आणि सगळा भुगा. बेसन कमी पडलं, की गरम असतानाच कापली म्हणून?'

वडी मी खरोखरच केली होती आणि ती खरोखरच फुटली होती, हे मुद्दाम सांगतो. बनावट निमित्त दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते. रात्री पावणेबाराला उत्तर आले : 'गरमच कापलीस ना! पूर्ण गार होऊ द्यायची असते. आणि अरे सॉरी, आठवडा फार वाईट गेला, उद्या सांगते.' सहा दिवसांचा उल्लेख मी कोठेही केला नव्हता. तो तिने स्वतःहून केला, आणि मी त्यावर 'चालतंय गं, उद्या बोलू' एवढेच लिहिले. त्या क्षणी 'मला वाटलं तू विसरलीस' असे लिहिण्याचा मोह मोठा होता.

हिशेबनीस

माझा साधा नियम आहे. समोरचा जितके दिवस गप्प, तितके दिवस आपणही गप्प राहावे आणि मग मोजून एकच ओळ पाठवावी. त्याने मान राहतो. दोनदा उपयोग झाला, एकदा समोरून कायमचीच शांतता झाली.

तिन्हीसांज

मी गप्प बसलेल्यांपैकी आहे, म्हणून पलीकडची बाजू लिहिते. हिशेबनीस यांचे अर्धे मला पटते : एक संदेश पाठवल्यावर त्याच्यामागे दुसरा पाठवू नये. मात्र दिवसास दिवस मोजण्याने माझ्यासारखीचे काहीच भले होत नाही, कारण मी मान-अपमानासाठी गप्प नव्हते. मी बँकेत आहे. सप्टेंबरअखेर सहामाहीचे हिशेब बंद करण्याची गडबड होती आणि त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात ठेवावे लागले. पहिल्या दिवशी उत्तर राहिले. दुसऱ्या दिवशी 'कालचे राहिले' असे लिहिले असते तर संपले असते. तिसऱ्या दिवसापासून मात्र नुसते उत्तर पुरेसे वाटेना, उशिराचे कारणही द्यावेसे वाटू लागले. आणि ज्याला आपण एकदाही भेटलो नाही त्याला दवाखान्याची हकीकत सांगावी का, या विचारात आणखी तीन दिवस गेले. उधारीसारखेच आहे हे. रक्कम वाढत जाते तसतसा माणूस दुकानावरून जायचे टाळतो.

त्या काळात दोन स्थळांशी माझे बोलणे चालू होते. एकाचा संदेश आला, 'तुम्हाला वेळ नसेल तर तसे कळवावे.' आठवड्यापूर्वी तो मला 'अगं' म्हणत होता. 'तू'वरून एकाएकी 'तुम्ही'वर जाणे हा आपल्या भाषेतला फार जुना टोमणा आहे आणि तो लिहिणाऱ्याला कळला नाही तरी वाचणाऱ्याला लगेच कळतो. दुसऱ्याने आमच्या कॉलेजजवळच्या चहाच्या टपरीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, 'आज इथून गेलो. तू म्हणायचीस तो बनमस्का संपला होता, क्रीमरोल मिळाला.' त्यात प्रश्नच नव्हता. मी दवाखान्याच्या बाकावर बसून 'क्रीमरोल शिळा असतो तिथला' असे उत्तर दिले, आणि ते देण्यासाठी मला कोणतेही कारण सांगावे लागले नाही. कारण मी नंतर, दोन दिवसांनी सांगितले.

एक वैयक्तिक तक्रारही नोंदवते. रोज सकाळी सुविचार आणि फुलांचे चित्र पाठवून 'संपर्कात राहिलो' असे समजणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. तेच चित्र आणखी चाळीस जणांना गेलेले असते.

जुना वाडा

आपला प्रश्न नीटसा लक्षात आला नाही, तरी लिहितो. माझेही चॅट मध्यंतरी गेले होते. फोन बदलताना त्याच क्रमांकाने आणि त्याच गूगल खात्याने व्हॉट्सॲप पुन्हा बसवले की बॅकअप परत घेण्याविषयी विचारतात, तेथे होकार द्यावा. त्यासाठी बॅकअप आधी घेतलेला असावा लागतो. सर्व संदेश परत आले.

उंबरठा

धन्यवाद काका. येथे संदेश शाबूत आहेत, बोलणारेच थांबले आहेत.

देवघर

मी वीस वर्षे स्थळे सुचवण्याचे काम हौसेने करते, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगते. शांतता पसरली की आधी पंचांग पाहा. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे पितृपक्षात, पुष्कळ घरांत लग्नाची बोलणी पुढे नेत नाहीत. मुलगी बोलत असते, पण घरातून कोणीतरी म्हणते 'आता सर्वपित्रीनंतर बघू', आणि ते मुलाला सांगायचे कसे या संकोचाने ती बोलणेच थांबवते. त्यास नकार समजू नये.

दुसरे असे की, उत्तर आले नाही म्हणून मला फोन करून 'काकू, तुम्ही जरा विचारता का' असे सांगू नका. मी विचारते, मग तिची आई तिला विचारते, आणि तुमचा एक न आलेला संदेश संध्याकाळपर्यंत दोन घरांचा विषय होतो. त्यानंतर ती उत्तर देते खरी, पण ते आईच्या धाकाने दिलेले असते आणि दोन ओळींत ओळखू येते.

कोरा कागद

वर सगळ्यांनी दिवसांचा उल्लेख टाळावा असे सुचवले आहे, तेथे माझे थोडे वेगळे मत आहे. उत्तर देण्याची पाळी कोणाची होती, हे आधी पाहावे. माझ्या बाबतीत गप्प बसलेला मीच होतो. तिने 'पुण्यात घर घेण्याचा विचार आहे का?' असे विचारले होते. कर्जाचे सगळे सांगावे लागेल म्हणून मी नऊ दिवस टाळले आणि दहाव्या दिवशी वरच्यासारखाच सल्ला कोठेतरी वाचून तिला तिच्या मांजरीबद्दल काहीतरी गमतीचे पाठवले. तिचे उत्तर तासाभरात आले : 'मांजर बरी आहे. घराचं विचारलं होतं.' आपल्याकडे उत्तर थकलेले असताना गमतीचा विषय काढणे म्हणजे पळवाट दिसते. मग मी लिहिले, 'उत्तर द्यायला उशीर केला, चूक माझी. घराचा हप्ता आत्ता झेपणार नाही, दोन वर्षं तरी भाड्यानेच राहीन.' उशिराची कबुली एका ओळीत दिली आणि लगेच उत्तर दिले. पानभर माफी मागितली असती, तर माझी समजूत घालण्याचे काम तिला करावे लागले असते.

पायवाट

हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. माझ्याकडून काही थकलेले नव्हते, म्हणून वडीवर निभावले.

तिन्हीसांज

दुसऱ्या संदेशालाही उत्तर आले नाही तर काय, हे मात्र कोणी लिहिले नाही. माझ्या मते आठवडाभराने एक स्पष्ट ओळ लिहावी : 'पुढे बोलायचं नसेल तर तसं सांगितलंस तरी चालेल, मी घरी कळवतो.' त्याखाली 'काळजी घे' नको, आणि असो तर नकोच.

कोरा कागद

ही ओळ मला अजूनही धमकीसारखी ऐकू येते. 'घरी कळवतो' वाचले की पलीकडचा माणूस बोलायचे आहे की नाही याचा विचार न करता घाबरून 'नाही नाही, बोलू या' म्हणतो.

तिन्हीसांज

मग 'घरी कळवतो' काढून टाकावे. पण स्थळाच्या बाबतीत घरचे विचारणारच असतात, ते लपवून काय साधणार?

देवघर

दोघांचेही बरोबर वाटते. मला आलेल्या नकारांपैकी निम्मे तर असेच, न लिहिता आलेले आहेत.

उंबरठा

प्रश्नचिन्हाला आज अकरा दिवस झाले. तिच्याकडून काही थकलेले नाही, माझ्याकडून मात्र आहे, हे कोरा कागद यांचे वाचल्यावर लक्षात आले. तिने ट्रेकची वेळ विचारली होती आणि मी उत्तराऐवजी हरिहरच्या पायऱ्यांचे फोटो पाठवले होते. आज रात्री 'ते प्रश्नचिन्ह उगाच पाठवलं. ट्रेक पहाटे साडेपाचला निघतो' एवढेच पाठवणार आहे. काय झाले ते येथे लिहीन.