मदत हवी आहे: मुखड्यातल्या लांब स्वरावर कोणता शब्द बसवू?

चाल आधी झालीय, शब्द नंतर लिहितेय. केहरव्यातलं अंगाईसारखं गाणं आहे. मुखड्याची ओळ तार षड्जावर संपते आणि तो स्वर पूर्ण आवर्तन, म्हणजे 8 मात्रा धरायचा आहे. सध्याची ओळ अशी: 'डोळ्यांत उतरे अलगद नीज'.

अडचण 'नी'ची आहे. इतक्या वर 'ई' धरला की आवाज चिमटल्यासारखा येतो. गायिकेने जबडा सैल सोडला की स्वर मोकळा होतो, पण ऐकू येतं 'नेज'. 'ज'वर लांबवलं तर 'नीजा' होतं.

'झोप' घालून पाहिलं. 'ओ' छान गोल लागतो, पण 'प'ला ओठ मिटतात आणि स्वर कापल्यासारखा तुटतो. शिवाय आठ मात्रा नुसतं 'झोऽऽ'च ऐकू येतं. 'निद्रा'चा 'द्रा' समेवर मस्त उघडतो, पण बाकी साध्या बोलीत तो शब्द पाहुण्यासारखा बसतो. 'मिटा जरा' गळ्याला सर्वांत सोपं. मात्र 'जरा'सारख्या किरकोळ शब्दाला एवढा लांब स्वर देणं मला पटत नाही.

पट्टी उतरवता येत नाही, कारण अंतरा आधीच मंद्रात जातो. यमक बदललं तरी चालेल. समेआधी एक लघु अक्षर मावतं.

तर पहिलं अक्षर लघु, दुसरं आकारान्त, आणि झोपेच्या अर्थाजवळचा रोजच्या बोलीतला शब्द सुचतो का? की 'झोप'च ठेवून 'प' अगदी शेवटच्या मात्रेवर हलका मिटवला तर चालून जाईल?